'विवेचक' काय वेगळं करतो?

*"दहावीच्या पुस्तकात ax² + bx + c = 0 या वर्गसमीकरणाच्या b² − 4ac ला विवेचक म्हटलंय. विवेचन म्हणजे तर स्पष्टीकरण, मग हा कसलं स्पष्टीकरण देतो? आणि तो ऋण आला की 'मुळे नाहीत' लिहायचं की 'वास्तव मुळे नाहीत'?"*

विवेचन क्षणभर बाजूला ठेवा आणि नीरक्षीरविवेक आठवा. विवेक, विवेचन, विवेचक हे तिन्ही 'विच्' या संस्कृत धातूचे. अर्थ निवडणं, वेगळं करणं. सुपात ज्वारी पाखडताना दाणा आणि कोंडा वेगळा होतो, तसलं काम. इंग्रजीत 'डिस्क्रिमिनंट' हे नाव सिल्व्हेस्टर या गणितज्ञानं 1851 मध्ये दिलं, त्याचाही अर्थ भेद करणारा. मराठी शब्द मला नेमका वाटतो, फक्त विवेचनाला पुढं 'स्पष्टीकरण' हा अर्थ चिकटल्यानं घोटाळा होतो.

आता तो काय वेगळं करतो ते आपल्या सोलापुरी चादरीवर बघू. चौफेर शिवायला बरोबर 20 फूट काठपट्टी आहे. म्हणजे लांबी अधिक रुंदी 10. चादर 24 चौरस फुटांची हवी असेल, तर एक बाजू x धरून समीकरण x² − 10x + 24 = 0. विवेचक 100 − 96 = 4. सूत्रात −b/2a म्हणजे 5 हा मध्य, आणि तिथून दोन्ही बाजूंना √4 ची निम्मी, म्हणजे 1 फुटाची पावलं. मुळे 6 आणि 4.

चादर 25 चौरस फुटांची केली की विवेचक शून्य. पाऊलच उरत नाही, दोन्ही मुळे 5 वर येऊन बसतात. पुस्तक याला 'वास्तव व समान' म्हणतं, कुणी 'एकच मूळ' म्हणतं. मी पहिलं पसंत करतो, कारण समीकरण (x − 5)(x − 5) = 0 असं फुटतं आणि 5 दोनदा मोजला जातो.

26 मागितले की विवेचक −4. एवढ्या पट्टीत तसली आयताकृती चादर बसतच नाही. तरी मुळे आहेत: 5 + i आणि 5 − i, जिथं i² = −1. बेरीज 10, गुणाकार 26, करून बघा. म्हणून 'वास्तव मुळे नाहीत' हेच लिहा. 'मुळे नाहीत' लिहिलंत तर अकरावीत संमिश्र संख्या आल्यावर तेच वाक्य खोटं ठरेल.

एक फसगत मात्र नेहमीची. विवेचक पूर्ण वर्ग आला की मुळे परिमेय, असं पाठ करून ठेवतात. सहगुणक परिमेय असतील तरच हे खरं. x² − √5x + 1 = 0 घ्या: विवेचक 5 − 4 = 1, अगदी पूर्ण वर्ग, पण मुळे (√5 ± 1)/2, दोन्ही अपरिमेय.