धाकट्या भावाचं माहितीपत्रक लिहिताना

भाऊ म्हणजे जणू एखादं यंत्र, असं धरून त्याचं गमतीचं माहितीपत्रक पहिल्यांदाच लिहिते आहेस, तर त्याच्या दोन-तीनच खोडी घे. 'आळशी आहे' असं लिहू नकोस; तो नेमकं काय करतो ते लिही. नागपूरच्या मे महिन्यात कूलरमध्ये पाणी भरायची पाळी आली की तो झोपेचं सोंग घेतो ना? मग असं मांड:

इशारा: कूलरची टाकी रिकामी होताच यंत्र आपोआप बंद पडते.
बिघाड: हाक मारूनही प्रतिसाद नाही.
तपासणी: पापण्या थरथरत असल्यास झोप खोटी.
उपाय: 'तर्री-पोहे आणलेत' म्हणावे. पोहे खरोखर आणावेत, अन्यथा हा उपाय पुन्हा चालत नाही.

भाषा माहितीपत्रकाचीच ठेव, मध्ये हसू नकोस. आणि त्याचे मार्क, रंग, वजन यांना हात लावू नको. ते त्याला खरंच लागतं.