टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीरच ना?

प्रश्न: टोफू म्हणजे सोयाबीनचं पनीरच ना? मग सोया दुधात लिंबू पिळलं की टोफू होईल का?

उत्तर: होईल, पण चांगला होणार नाही. दोन्ही दुधांत प्रथिनांच्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांपासून लांब राहतात. तो भार गेला की कण चिकटतात आणि पाणी सुटतं. इथवर दोन्ही सारखेच. पनीरमध्ये हे काम आम्ल करतं, टोफूत बहुतेक वेळा क्षार.

पनीरचं थोडक्यात: एक लिटर दूध उकळलं की आच बंद करून ८० अंशांपर्यंत उतरू द्यायचं. २ ग्रॅम सायट्रिक ॲसिड कपभर गरम पाण्यात विरघळवून थोडं थोडं घालायचं आणि पाणी हिरवट, स्वच्छ दिसलं की हात आवरायचा. पाणी दुधाळ राहिलं तर आम्ल कमी पडलंय. दूध फाटल्यावरही उकळत ठेवलंत तर पनीर चिवट होतं.

टोफूत खरी मेख उकळण्यात आहे. २५० ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवून, एकूण दोन लिटर पाण्यात वाटून फडक्यातून गाळा. चोथा बाजूला ठेवा आणि दूध ढवळत उकळा. उकळी फुटायच्या आधीच फेस वर चढतो. त्यालाच उकळी समजून आच बंद करू नका. आच कमी करून खरी उकळी आल्यावर दहा मिनिटं द्या. सोयाची प्रथिनं घट्ट गुंडाळलेली असतात. उष्णतेनं ती उलगडली तरच एकमेकांत गुंतून जाळं धरतात. दूध कच्चं राहिलं तर कितीही क्षार घाला, हाती लगदाच येतो.

मग दूध ७५ अंशांच्या आसपास आलं की खाण्यायोग्य जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) ६ ग्रॅम, म्हणजे साधारण सव्वा ते दीड चमचा, अर्धा कप पाण्यात कालवा. ते तळाशी बसतं, म्हणून ओतताना पुन्हा हलवून घ्या. दोन-तीनदा हळू ढवळा, झाकण ठेवा आणि वीस मिनिटं अजिबात हात लावू नका. जाळं धरत असताना ढवळलं की ते तुटतं आणि रवाळ चुरा उरतो. कडेला पिवळसर, स्वच्छ पाणी दिसलं की जमलं. फडक्यात बांधून किलोभर वजनाखाली अर्धा तास ठेवा.

जिप्सम पाण्यात जेमतेम विरघळतं. त्यामुळे कॅल्शियम सावकाश सुटतं, जाळं एकसारखं बनतं आणि पाणी धरून ठेवतं, म्हणून टोफू मऊ होतो. निगारी (मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड) झटपट काम करते. ती तीन हप्त्यांत घालावी, जास्त झाली तर कडवट लागते. लिंबूही असंच घाईचं. आम्ल जिथे पडेल तिथे लगेच गुठळ्या होतात, त्या आक्रसतात, आणि टोफू भुसभुशीत, किंचित आंबट होतो. लिंबूच वापरायचं असेल तर रस तिप्पट पाण्यात पातळ करून तीन वेळा घाला, दर वेळी पाचेक मिनिटं थांबून. असा टोफू कुस्करून भुर्जी करायला ठीक आहे, पण त्याचे सुबक तुकडे पडतील अशी अपेक्षा ठेवू नका.