दहा टक्के स्वस्त, चौदा महाग? मुदत विचारा

प्रश्न: आठ लाखांचा एकरकमी खर्च आहे. फ्लॅटवर मॉर्गेज लोन १० टक्क्यांनी मिळतंय, पर्सनल लोन १४ टक्क्यांनी. पगार हातात ६२ हजार. कोणतं घेऊ?

तुमचे आकडे आणि २०१९ मधले माझे आकडे जवळपास एकच आहेत, म्हणून लिहायला बसलो. बाकीच्यांनी "१० हे १४ पेक्षा कमी" एवढं सांगून विषय मिटवलाय. आमच्या दादानंही तेच केलं होतं.

धाकट्या बहिणीचं लग्न होतं. आठ लाख कमी पडत होते. बायको म्हणाली, पर्सनल लोन काढू, चार वर्षं पोटाला चिमटा घेऊ आणि मोकळे होऊ. दादा पुण्याहून फोनवर, "अरे, घर आहे ना कागदावर! चार टक्के कोण जास्त देतं? शाळेत गणित होतं का तुला?" थोरला भाऊ, वर लग्नघर. मी मान हलवली.

कर्ज हातात यायला ३८ दिवस लागले. पर्सनल लोन चार दिवसांत आलं असतं. फ्लॅट बाबांच्या नावावर, म्हणून बाबा सहकर्जदार. मग घराचे जुने व्यवहार तपासून वकिलानं दिलेला सर्च रिपोर्ट, मग व्हॅल्युएशनवाला येऊन पाच मिनिटांत घर बघून गेला. आणि मग कळलं की सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट अजून आधीच्या मालकाच्याच नावावर आहे. बाबांनी बारा वर्षांत ते बदलूनच घेतलं नव्हतं. सेक्रेटरी म्हणाले, कमिटीच्या मीटिंगमध्ये ठराव घेऊ. मीटिंग होती महिनाअखेरीला. हॉलचा ॲडव्हान्स तेवढ्यात मित्राकडून उसना घेतला.

आता खर्चाचं बघा. प्रोसेसिंग फी एक टक्का आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९,४४०. सर्च रिपोर्ट आणि व्हॅल्युएशन मिळून ८,०००. गहाणाची स्टँप ड्युटी आणि गहाणाची सरकारी नोंद करणारी नोटीस ऑफ इंटिमेशन धरून ३,७०० च्या आसपास. आणि सगळ्यात जड, कर्जाला जोडलेला विमा, एकरकमी २४,०००. "साहेब, सगळेच घेतात" म्हणत फॉर्म पुढे सरकवला, मी सही केली. एकूण ४५ हजार. पर्सनल लोनला दीड टक्का फी आणि जीएसटी धरून १४ हजार लागले असते.

आता गंमत. चार वर्षांत फेडायचं धरलं, तर मॉर्गेजचा हप्ता २०,२९०, पर्सनलचा २१,८६१. व्याज आणि वरचा खर्च मिळून मॉर्गेजला दोन लाख १९ हजार जातात, पर्सनलला दोन लाख ६३ हजार. खर्चासकट खरा दर काढला तर १० चे १३ होतात आणि १४ चे १५. चार टक्क्यांचा फरक दोनवर आला, तरी मॉर्गेज ४४ हजारांनी स्वस्तच. दादा बरोबर होता, हे मी कबूल करतो. इथपर्यंत.

पण चार वर्षांचं मॉर्गेज लोन कोण देतं आणि कोण घेतं? समोरच्या साहेबांनी दहा वर्षं टाइप केलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. हप्ता १०,५७२. दादा म्हणाला, बघ, निम्मा! पहिल्या महिन्याच्या त्या १०,५७२ मधले ६,६६७ व्याजाचे होते, मुद्दल फिटलं ३,९०५. दहा वर्षांचं व्याज चार लाख ६८ हजार, वर ते ४५ हजार. म्हणजे पर्सनल लोनच्या जवळजवळ दुप्पट पैसे. आणि यातली मेख अशी की दहा वर्षांवर तो खर्च पसरला की खरा दर दिसतो साडेअकराच्या आत, म्हणजे चार वर्षांच्या मॉर्गेजपेक्षाही कमी! टक्केवारी उतरते, खिशातून जाणारे रुपये चढतात. म्हणून निव्वळ दरावर निवाडा करू नका. आता १ ऑक्टोबर २०२४ पासून बँकेला की फॅक्ट स्टेटमेंट द्यावं लागतं, त्यात फी आणि विम्यासकटचा वार्षिक दर लिहिलेला असतो. ते मागाच, पण त्यावरची मुदत आधी वाचा.

दोन वर्षांत फेडायचं असेल, तर उलट होतं. तेव्हा मॉर्गेजचा खरा दर १६ च्या जवळ जातो आणि पर्सनलचाही तेवढाच. रुपयांत मॉर्गेज जेमतेम पाच हजारांनी स्वस्त राहतं. पाच हजारांसाठी महिनाभर शेअर सर्टिफिकेटमागे पळायचं?

"लांब मुदत घे, मग अधूनमधून जास्त भर" हा दादाचा दुसरा सल्ला. फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या कर्जावर, ते धंद्यासाठी नसेल तर, आधी फेडल्याचा दंड लागत नाही, हे खरंय. पर्सनल लोन बहुतेक फिक्स असतं आणि तिथे दंड कापतात, हेही खरं. पण मी भरले का? दरमहा वाचलेल्या अकरा हजारांतून आधी बाइक आली, मग फ्रीज आला, मग लॉकडाऊन आला. सहा वर्षांत सात लाख ६१ हजार भरले आणि दहा टक्क्यांच्या सरळ हिशेबानं अजून चार लाख १७ हजार मुद्दल शिल्लक होतं (दर मधे खालीवर झाला, तो इथे सोडतोय). बायकोचं ऐकलं असतं, तर दोन वर्षांपूर्वीच मोकळा झालो असतो. शेवटी एफडी मोडून बंद केलं.

तुमच्यासाठी: साहेबांना चार वर्षांची मुदत टाकायला सांगा आणि विमा नको म्हणून लेखी द्या. विमा वगळला की खर्च २१ हजारांवर येतो आणि मॉर्गेज खरोखर स्वस्त पडतं. दहा वर्षांखाली देतच नाहीत म्हणाले, तर पहिल्या महिन्यापासून दहा हजार जादा वळते होतील अशी सोय करून घ्या. हे जमणार नसेल, स्वतःबद्दल खात्री नसेल, तर सरळ पर्सनल घ्या. ६२ हजारांत २१,८६१ जड आहे, पण दुसरा हप्ता चालू नसेल तर निभेल.

दुसरा हप्ता चालू असेल, तर मात्र माझं वरचं सगळं बाजूला ठेवा. आठऐवजी वीस लाख हवे असतील, तरीही तेच. आणि एक, ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत धरलं जातं, पुढे ६० दिवसांची नोटीस येऊन कोर्टात न जाताही फ्लॅटचा ताबा मागता येतो. पर्सनल लोनला वसुलीवाले येतात, केस होते, पण फ्लॅट गहाण नसतो. बाबा राहत असलेल्या घराच्या बाबतीत हा फरक मला रात्री दोन वाजता कळायचा.

कर्ज फिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायलाच हवेत, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा नियम आहे. मी अर्जात तेवढी ओळ लिहिली होती. अठराव्या दिवशी फाइल मिळाली.

दादानं त्यातला एकही हप्ता भरला नाही, ते असो. परवा वहिनींचा फोन आला. पुतणीच्या ॲडमिशनसाठी पुण्याचा फ्लॅट तारण ठेवायचा म्हणतायत, तुमच्या त्या सर्च रिपोर्टवाल्या वकिलाचा नंबर आहे का? मी दिला, आणि शेअर सर्टिफिकेट कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा म्हटलं.