मामांच्या हेल्थ फॉरवर्ड्सना न दुखावता काय उत्तर द्यायचं?

प्रश्न: माझे मोठे मामा सत्तरीचे आहेत, एकटे राहतात, फॅमिली ग्रुपवर रोज काही ना काही फॉरवर्ड करतात. परवा "एकटे असताना हार्ट अटॅक आला तर जोरजोरात खोका, जीव वाचेल, हा मेसेज दहा जणांना पाठवा" असा टाकला. मामेभावाने खाली "फेक आहे" लिहून एक इंग्लिश लिंक चिकटवली, दोघातिघांनी हसण्याचे इमोजी टाकले, तेव्हापासून मामा गप्प आहेत. मला त्यांना दुखवायचं नाही पण असंच सोडूनही द्यायचं नाही. नेमकं काय लिहू?

उत्तर:

आधी एक सांगते, मामांच्या सगळ्या फॉरवर्ड्सना उत्तर द्यायच्या फंदात पडू नका. सुप्रभात, सुविचार, "अकरा जणांना पाठवा नाहीतर वाईट बातमी येईल" असले मेसेज सोडून द्या, त्याने वैताग सोडला तर कुणाचं काही बिघडत नाही. ज्या मेसेजमुळे कुणी चालू औषध बंद करेल किंवा तातडीच्या वेळी भलतंच काहीतरी करत बसेल, तेवढ्यालाच उत्तर द्यायचं. रोज चुका काढणाऱ्या भाच्याचं कुणी ऐकत नाही, महिन्यातून एखाद्या वेळी बोलणाऱ्याचं ऐकतात. आणि तुमचा हा खोकण्याचा मेसेज मात्र उत्तर द्यायच्याच यादीतला आहे.

हा मेसेज खूप जुना आहे, १९९९ पासून ईमेलवर फिरतोय, तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतंच. अमेरिकेतल्या रोचेस्टर जनरल हॉस्पिटलचं नाव त्यात घातलेलं असायचं आणि त्या हॉस्पिटलने स्वतः सांगितलं की हे आमचं नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशननेही लोकांनी घरी हे करावं असं कधी सुचवलेलं नाही. पण मजा अशी की तो शंभर टक्के हवेतूनही आलेला नाही, आणि मामांशी बोलताना हीच गोष्ट तुमच्या कामाला येणार आहे. १९७६ मध्ये क्रायली नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहून ठेवलं होतं की हृदयाची तपासणी चालू असताना, म्हणजे पेशंट टेबलावर, ईसीजी लावलेला, त्याचे ठोके अचानक बिघडले तर त्याला लगेच जोरजोरात खोकायला सांगितल्यावर काही सेकंद मेंदूपर्यंत रक्त पोचत राहतं आणि तो शुद्धीवर राहतो. तेवढ्यात डॉक्टर शॉक देतात. म्हणजे डॉक्टर समोर, मशीन तयार, आणि मामला अर्ध्याएक मिनिटाचा.

घरी यातलं काहीच नसतं. मेसेजने दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केलीय. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त नेणारी नळी तुंबते, हृदय बहुतेक वेळा चालूच असतं आणि माणूस शुद्धीत असतो. खोकून ती गुठळी निघत नाही. कार्डिॲक अरेस्टमध्ये हृदयाचं पंपिंगच थांबतं, तेव्हा माणूस काही सेकंदात बेशुद्ध होतो, मग खोकणार कोण? आपल्याला आता अरेस्ट होतोय हे मॉनिटरशिवाय कळतही नाही. म्हणून "खोकून बघायला काय जातंय" असं कुणी म्हणालं तर उत्तर एवढंच की वेळ जातो. नळी तुंबल्यावर प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो आणि एकटा माणूस तेव्हा फोन सोडून खोकत बसलेला असतो.

आता मामा. त्या मेसेजच्या शेवटची ओळ परत वाचा. "दहा जणांना पाठवा, एक तरी जीव वाचेल" या अर्थाचं काहीतरी तिथे असतंच, आणि मेसेज चालतो तो या ओळीवर. ती वाचल्यावर न पाठवणं म्हणजे कुणाचा तरी जीव घालवणं असं वाटायला लागतं. मामा एकटे राहतात, त्यांना स्वतःलाच ही भीती असणार, म्हणून त्यांनी तो टाकला. मामेभावाने लिहिलेलं खरं होतं पण त्याने भीतीला उत्तर दिलं नाही, उलट चारचौघात मामांना मूर्ख ठरवलं. शिवाय इंग्लिश लिंक. ती उघडून वाचेल कोण?

त्यामुळे पहिला मेसेज ग्रुपवर नको, पर्सनलवर पाठवा. मी असा लिहीन:

"मामा, हार्टचा तुमचा मेसेज वाचला. एकटं असताना काय करायचं हा विचार तुमच्या मनात आला ते बरंच झालं, माझ्याही मनात होता. छातीत दाब आल्यासारखं झालं, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, घाम फुटला, दम लागला तर सगळ्यात आधी ॲम्ब्युलन्सला फोन करायचा, मग मला. खोकायची युक्ती खरी आहे पण हॉस्पिटलमधली, डॉक्टर समोर उभे असताना काही सेकंदांसाठी. घरी तिच्यात फोन करायचा वेळ जातो. आज रात्री कॉल करतो, तुमच्या फोनमध्ये तो नंबर वरच ठेवून देऊ."

यात "फेक" हा शब्द नाही. "तुम्ही चुकलात" नाही, तुमच्या त्या मामेभावाचा उल्लेख नाही. खरी गोष्ट आधी आलीय, मेसेजमधली चूक एकदाच आणि मधे, आणि शेवटी परत करायचं काम. हा क्रम मुद्दाम आहे, कारण एखादं वाक्य वारंवार कानावर पडलं की ते खरं वाटायला लागतं, हे १९७७ पासून प्रयोगांमध्ये दिसत आलंय. म्हणून खोटं वाक्य तुम्ही स्वतः चारदा लिहू नका, नाहीतर महिन्याभराने मामांच्या लक्षात फक्त "खोकायचं" एवढंच राहील. बारीक अक्षरं वाचायचा त्यांना त्रास होत असेल तर हेच सगळं व्हॉइस नोटमध्ये बोला, आवाजात आपुलकी कळते, टाइप केलेल्या वाक्यात तेच कधीकधी फटकारल्यासारखं वाटतं.

आणि रात्री खरंच कॉल करा हां. नंबर सेव्ह झाला की नाही, फोन लॉक असताना इमर्जन्सी कॉल कसा लावायचा, तसं काही झालं तर दाराची कडी आधी काढून शांत बसून राहायचं, स्वतः गाडी चालवत हॉस्पिटलला निघायचं नाही, गोळी घ्यायची की नाही ते फोनवरच्या माणसाला विचारायचं, एवढं बोला. वय झालेल्या माणसांना, बायकांना, शुगरवाल्यांना कधीकधी छातीत फारसं दुखतच नाही, नुसता दम लागतो, मळमळतं, खूप थकवा येतो, हेही सांगा. मेसेजने त्यांना जे द्यायचं कबूल केलं होतं, म्हणजे एकटं असलो तरी हातात काहीतरी उपाय आहे हा दिलासा, तो खरा त्यांना इथे मिळतो.

ते म्हणतील, "अरे पण मला हे एका डॉक्टरनेच पाठवलंय." वाद घालू नका. मेसेजच्या वर दोन बाण आणि "Forwarded many times" दिसत असेल तर तो तुमच्यापर्यंत यायच्या आधी किमान पाच हातांतून फिरलाय, हे त्यांना दाखवा. त्या डॉक्टरांनी तो लिहिलेला नाही, तेही मधले एक हात. (असा मेसेज व्हॉट्सॲप २०२० पासून एका वेळी एकाच चॅटमध्ये फॉरवर्ड करू देतं, ते याचसाठी.) मग म्हणा, "पुढच्या वेळी चेकअपला जाल तेव्हा डॉक्टरांना विचारा ना, एकटा असताना छातीत दुखलं तर आधी फोन करू की खोकू?" प्रश्न मामांनी विचारायचा, उत्तर त्यांच्या स्वतःच्या डॉक्टरांकडून यायचं. आपण कितीही वाचलेलं असलं तरी आपण त्यांच्यासाठी कालची पोरं.

राहिला ग्रुप. नुसतं पर्सनलवर बोलून भागत नाही, कारण तो मेसेज बाकीच्यांनीही वाचलाय आणि काहींनी पुढे पाठवलाही असेल. बोड आणि व्रागा या दोन अमेरिकन संशोधकांचं यावर बरंच काम आहे, त्यांना दिसलं की दुसऱ्या कुणाला दिलेलं उत्तर शेजारून वाचणाऱ्यांचाही गैरसमज कमी होतो. म्हणून ग्रुपवर दुरुस्ती हवीच, फक्त ती मामांच्या हातून आली तर उत्तम. त्यांना दहा जणांना काहीतरी पाठवायचंच आहे ना, मग पाठवण्यासारखं काहीतरी द्या. दोनतीन ओळी पुरेत, उदाहरणार्थ:

"परवाच्या हार्टच्या मेसेजबद्दल चौकशी केली. छातीत दुखलं, दम लागला, घाम फुटला तर आधी ॲम्ब्युलन्सला फोन करा, खोकण्यात वेळ घालवू नका. नंबर आत्ताच फोनमध्ये सेव्ह करून ठेवा."

यात लिंक नाही आणि "जरूर पुढे पाठवा" पण नाही, ती सवय आपल्याला वाढवायची नाहीये. मामांना पटलं तर ते जुना मेसेज "Delete for everyone" करू शकतात, पण त्याला साधारण अडीच दिवसांची मुदत असते, तुमच्या केसमध्ये ती बहुतेक संपत आली असेल. नाही झालं तरी चालेल, खाली दुरुस्ती आलेली बरी, कारण ज्यांनी मेसेज आधीच वाचलाय त्यांना नुसता पुसून काय कळणार. तुम्ही ॲडमिन असलात तर तुम्हालाही तो डिलीट करता येतो, पण कृपा करून करू नका, हसण्याच्या इमोजींनंतर ते फारच लागेल.

मामांनी नाहीच पाठवलं तर दोन दिवसांनी तुम्हीच टाका, त्यांना टॅग न करता, "मामांशी बोलताना हा विषय निघाला" एवढंच म्हणून.

हे केलं की मामा फॉरवर्ड करायचे थांबतील का? नाही. माझ्या ओळखीत कुणीच थांबलेलं नाही. आमच्या घरात एवढा फरक पडला की टाकायच्या आधी कधीकधी "हे खरं आहे का गं" असं विचारणारा मेसेज पर्सनलवर येतो. तो आला की त्याच दिवशी उत्तर द्या, दोन ओळींचं का होईना, उशीर केलात की ते ग्रुपवर गेलंच म्हणून समजा. माहीत नसेल तर "बघून सांगतो, तोवर थांबा" एवढं तरी लिहा. आणि कधी मेसेज खरा निघाला तर तेही सांगा, नाहीतर तुम्ही फक्त नाही म्हणायलाच बसलाय असं त्यांना वाटायचं.

एक अपवाद. उद्या मामा "बीपीची गोळी बंद केली, हा काढा घेतोय" असं काही म्हणाले तर हे हळुवार मेसेज वगैरे बाजूला ठेवा, त्याच दिवशी फोन करा आणि त्यांच्या डॉक्टरांशी बोलणं करून द्या. तिथे थोडे दुखावले तरी चालेल.

आणि हे सगळं करायच्या आधी त्या मामेभावाला फोन लावा. तुम्ही पर्सनलवर कितीही गोड लिहिलंत आणि तो ग्रुपवर पुन्हा "बघा, मी म्हणालोच होतो" करून गेला तर मामांची दुरुस्ती काही यायची नाही.