तुझ्या चोवीस कागदांबद्दल

प्रिय मुली,

तुझ्या कादंबरीचा आराखडा दोनदा वाचला. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंयस, 'मधे काहीतरी हरवतं, पण काय ते कळत नाही. घटना तर भरपूर आहेत.' या शेवटच्या वाक्यामुळेच हे पत्र लांबणार आहे. माझ्या पहिल्या कादंबरीतही घटना भरपूर होत्या. ती एकशेदहाव्या पानाजवळ जी बसली, ती उठलीच नाही.

सिंहगडाची गोष्ट शाळेत ऐकलेली आठव. तानाजी पडला, मावळे पळत सुटले. मग सूर्याजीने दोर कापलेत म्हणून सांगितलं आणि ते उलटे फिरले. गोष्ट वळली ती तानाजीच्या मरणाने नाही, दोराने. मरणाची बातमी ऐकून माणसं पळाली. पळायची वाटच उरली नाही तेव्हा लढली. मला कुणीही आराखडा दाखवला की मी एवढंच विचारते: कुठला दोर कापला? लोक कंटाळतात. कंटाळू देत.

तुझ्या प्रत्येक कागदाच्या तळाशी मी पेन्सिलने एक ओळ लिहून पाहिली, 'या प्रकरणानंतर सुमनला आता काय करता येणार नाही?' पहिली सात प्रकरणं झरझर भरली. नवऱ्याने मुकादमाकडून उचल घेतली, आता ऊसतोडीला जाणं टळत नाही. दहावी झाल्यावर पुढचं शिक्षण सुटलं. पोर सासूपाशी ठेवून दोघं 'एक कोयता' म्हणून बीडहून कोल्हापूरकडे निघाली. फार चांगलं लिहिलंयस, ट्रकमधली रात्र तर मी पुन्हा वाचली. आठ ते सतरा या दहा कागदांवर मात्र माझ्या फक्त दोन ओळी आहेत. अकरावं प्रकरण कोपीत साप निघतो त्याचं, चौदावं वाढं विकण्यावरून झालेल्या भांडणाचं. मी दोन्हींची अदलाबदल करून सगळं पुन्हा वाचलं. काही म्हणजे काही बिघडलं नाही. प्रकरणं जागा बदलून बसू शकतात, याचा अर्थ ती एकमेकांतून निघालेली नाहीत, नुसती एकापाठोपाठ ठेवलीत. तोड, मोळी, पाचट, थंडी हे सगळं खरं आहे, तू पाहिलंयस. पण माहिती खरी आहे म्हणून गोष्ट पुढे सरकत नाही.

आता बारावं, ज्याला तू लाल शाईने 'कलाटणी' लिहिलंयस. मुकादमाची वही गाडीवरून नेमकी सुमनच्या पायाशी पडते, तिला खोटे खाडे दिसतात आणि 'ती लढायचं ठरवते'. तेराव्यात ती काय करते? मोळ्या बांधते. अगं, मग ठरवलं काय? तिला फक्त बातमी कळली. पटलं नाही तर ती उद्या गप्प बसू शकते, कुणाला कळणारही नाही. कुठला दोर कापला?

योगायोग मी चार मोजले. शाळेतल्या बाईंची बदली त्याच गावात होते, वही पडते, कारखान्याचा चिटबॉय ओळखीचा निघतो, आणि विसाव्यात हरवलेला भाऊ कोल्हापूरच्या स्टँडवर भेटतो. तू म्हणशील, भावाचं खरंच घडलं होतं, तुझ्या मावशीच्या बाबतीत. घडलं असेल. मावशीला साक्षीदार लागत नाहीत, कादंबरीला लागतात. शिवाय चारही वेळा योगायोग सुमनच्या मदतीला धावतो, म्हणजे कापलेला दोर तू फुकटात पुन्हा जोडून देतेस. एखाद्या योगायोगाने ती अडकली असती तर मी बोलले नसते.

हे मी एवढं तावातावाने का सांगते, तेही ऐक. माझ्या त्या कादंबरीत नायिकेला ट्रंकेत आईचं पत्र सापडतं. एका जुन्या संपादकांनी शांतपणे विचारलं होतं, 'ते तिने शोधलं का नाही?' मी म्हटलं, त्या पत्राची भाषा वाचा. भाषा सुंदर होती, अजूनही आहे. त्या पत्रापायी मी दोन वर्षं त्यांच्याशी बोलले नाही. ते गेले तेव्हा माझ्या टेबलावर त्या प्रकरणाचा नवा खर्डा होता, पत्र शोधायला ती वडिलांचं कपाट फोडते असा. तो त्यांना दाखवायचा राहिला. (दुसऱ्या कादंबरीतही पुरात नाव उलटण्याचा योगायोग आहे म्हणून कुणी माझ्यावर बोट ठेवतं. तो पहिल्या प्रकरणात आहे आणि त्याने सगळे बुडतात. तो मी आजही काढणार नाही.)

तर तुझी वही. ती पाडू नकोस. मुकादमालाच ती सुमनच्या हातात देऊ दे. पोरगी दहावी झालीय, टोळीतल्या फारशा कुणाला लिहिता येत नाही, आणि त्याला हिशेबाला माणूस हवाच आहे. बदल्यात वही लिहिण्याच्या वेळेचा खाडा पडणार नाही. हे आठव्यात होऊ दे. त्याच दिवसापासून टोळीच्या नजरेत ती मुकादमाची झाली, हा पहिला दोर. दहाव्यात तो सांगतो तसा एक खोटा खाडा ती लिहिते. अनोळखी माणसाचा आहे, चालून जातं. मग जाऊ तापाने दोन दिवस पडते आणि वहीत पाच दिवस लागतात, सुमनच्या अक्षरात. हंगाम संपून पट्टा पडेल तेव्हा जावेची उचल फिटलेली नसेल, पुढच्या हंगामालाही तिला याच माणसाकडे यावं लागेल, आणि हे सुमनला लिहितानाच कळतं.

आता बारावं लिही. ती सगळ्यांसमोर वही मोठ्याने वाचते. मुकादम तर गेलाच, पण टोळीही गेली, कारण अक्षर तिचं आहे. नवराही तोंड फिरवतो. ती गप्प बसली असती तर निभावलं असतं, आता नाही. साप हवाच असेल तर यानंतर काढ. त्या रात्री तिच्या हाकेला कोण येतं आणि कोण येत नाही, ते मला वाचायचंय. मग अकरा-चौदा अदलाबदल करून दाखव मला.

बाईंना दुसऱ्या प्रकरणात न्यायचं, अक्षर त्यांनीच घोटून घेतलंय. चिटबॉयची ओळख पुसून टाक. भाऊ स्टँडवर नको. कारखान्याच्या आवारात कितीतरी टोळ्यांच्या गाड्या नंबर लागेपर्यंत रात्रभर उभ्या असतात, ड्रायव्हर इकडच्या खबरी तिकडे नेतात. सुमनला विचारत फिरू दे. कुणीतरी सांगतो, अशा वर्णनाचा एक जण आहे, अमुक रात्री गाडी घेऊन येतो. ती उसाच्या गाडीवर बसून जाते आणि दुसऱ्या दिवशी फडात नसते. तिचा खाडा पडतो, या वेळी खरा. भाऊ भेटेल तेव्हा ती भेट वाचकाला फुकटची वाटणार नाही.

शेवटच्या चार प्रकरणांबद्दल आज बोलत नाही, मधलं बदललं की ती टिकणारच नाहीत. उगाच त्यांची भाषा घासत बसू नकोस. तू बसणार, मला माहीत आहे, मीही बसले असते.

आठ ते सतरा नव्याने लिहून पाठव, प्रत्येक कागदाच्या तळाशी ती एक ओळ. जिथे ओळ सुचणार नाही तो कागद पाठवू नकोस. आणि त्या जावेला नाव दे. चोवीस कागदांत ती नुसती 'जाऊ' आहे.

तुझी,
मावशी (खऱ्या योगायोगाची नव्हे, दुसरी)