आधी मॅनेजरपद सोडा, मग करिअरचं बोलू

"मुलगा १९ वर्षांचा आहे, रॉक बँडमध्ये बास वाजवतो, गाणीपण तोच लिहितो. बुकिंग मी बघतो. १२ शोंची टूर लावली होती. पाचव्या शोला जाताना गाडीत त्याला धाप लागली, हातपाय थरथरले, मी मरतोय म्हणाला. पण त्या रात्री शो मस्त वाजवला. आता म्हणतो टूर नको, घरी बसून फक्त गाणी बनवणार. स्टेजची भीती सवयीने जाते ना? टूर सोडली तर म्युझिकमधलं करिअर संपलंच ना? मार्क तसे बरे आहेत."

नमस्कार. मार्कांचं मला काही वाटलं नाही, साउंड इंजिनिअरिंगचा कोर्स करायचा असेल तर त्याला पुरतील. मला खटकलं ते "बुकिंग मी बघतो" हे वाक्य, कारण मुलाने ज्याला नको म्हणायचंय तो माणूस आणि ज्याच्याकडे रडायचंय तो माणूस एकच झालाय.

बीच बॉइज या अमेरिकन बँडच्या ब्रायन विल्सनचं सांगते. २३ डिसेंबर १९६४, वय २२, लॉस एंजेलिसहून ह्यूस्टनला जाणाऱ्या विमानात तो कोलमडला, रडायला लागला, सोबतच्या कुणालाच कळेना काय होतंय. आणि त्या रात्री तो शोला उभा राहिला, वाजवलं, आणि दुसऱ्या दिवशी घरी परत गेला. म्हणजे "शो तर मस्त झाला" यावरून काहीच ठरत नाही हो! स्टेजवर हात सवयीने चालतात. स्टेजची भीती साधारण शोच्या आधी चढते आणि एकदोन गाण्यांत उतरते. इथे झटका गाडीत आला, तिकडे विमानात आला, स्टेज समोर नसताना. हे पॅनिक अटॅकसारखं दिसतंय, आणि ते नक्की काय आहे हे डॉक्टर सांगतील, मी नाही आणि तुम्हीपण नाही. टूरमध्ये हे वाढतं कारण शो संपला तरी अंगातली धावपळ पहाटेपर्यंत उतरत नाही, झोप येत नाही, मग कुणी दारू घेतं कुणी गोळी, आणि सकाळी परत गाडी, असे आठ दिवस गेले की धडधाकट माणूसपण हलतो.

आता करिअर संपतं का? हा मोठा गैरसमज आहे. ब्रायनने टूर सोडली, बँड सोडला नाही. त्याच्या जागी आधी ग्लेन कॅम्पबेल उभा राहिला, १९६५ मध्ये ब्रूस जॉन्स्टन आला, बाकीचे गावोगाव वाजवत राहिले आणि ब्रायन स्टुडिओत बसून गाणी रचत राहिला, त्यातून १९६६ मध्ये पेट साउंड्स हा अल्बम आला. पण टूर सोडली म्हणून तो बरा झाला असं अजिबात नाही. त्याला आवाज ऐकू यायचे, आजार खोल होता, त्यात ड्रग्ज, आणि तेव्हा असं काही उघड बोलायची पद्धतच नव्हती. पुढे त्याने स्वतः मुलाखतींमधून त्या आवाजांबद्दल सांगितलं आणि १९९९ मध्ये स्वतःच्या बँडसोबत परत टूरवर निघाला.

आणि वडिलांचं. मरी विल्सन हे त्याचे वडील आणि बँडचे मॅनेजरही होते, स्वभावाने कडक. विमानातल्या त्या प्रसंगाच्या काही महिने आधी, १९६४ मध्येच, मुलांनी त्यांना मॅनेजरपदावरून काढलं होतं. तुम्ही मरी आहात असं मी म्हणत नाहीये, पण जागा तीच आहे. नंतर ब्रायनचा थेरपिस्ट युजीन लँडी त्याच्या धंद्यातपण भागीदार होऊन बसला, औषधांचा मारा केला, शेवटी १९८९ मध्ये त्याला लायसन्स सोडावं लागलं. दोन्हीकडे दुखणं एकच, ज्याचा शोमध्ये वाटा आहे त्यानेच तब्येत बघायची. म्हणून मुलाला घेऊन जाल तो डॉक्टर बँडशी काही देणंघेणं नसलेला हवा, आणि आत तो एकटा बोलू दे.

आज परिस्थिती खूप वेगळी आहे. २०२२ मध्ये सॅम फेंडर या ब्रिटिश गायकाने अमेरिकेतले शो रद्द केले आणि सरळ सांगितलं की मी थकलोय, मानसिक आरोग्यावर गाणी लिहायची आणि स्वतःकडे बघायचं नाही हा ढोंगीपणा होईल. त्याने त्याचं करिअर संपलं नाही, पुढच्याच वर्षी तो न्यूकॅसलच्या स्टेडियममध्ये वाजवत होता. पण त्याच्याकडे मोठी टीम होती, तुमच्या मुलाकडे तुम्ही आहात, म्हणून "तब्येतीमुळे थांबतोय" हे आयोजकांना कळवायचं काम तुमच्यावर आहे. त्याच्याकडून ते वदवून घेऊ नका, आणि कारण खोटं सांगू नका, नाहीतर त्याला वाटेल की झालं ते लपवण्यासारखं आहे.

राहिलेल्या सात शोंचं आजच ठरवा. बँडमधल्या बाकीच्यांना विचारा, बदली बासवाला मिळत असेल तर ते जाऊ देत, तुम्ही घरी थांबा. डॉक्टरची वेळ याच आठवड्यातली घ्या, आणि जगावंसं वाटत नाही असं तो बोललाच तर त्या वेळेची वाट न बघता त्याच दिवशी घेऊन जा. कोर्सचं मी त्याच्याशी बोलेन, त्यानेच मला लिहू दे, तुम्ही नको.