तिसरी ट्यूब लिहिण्याआधी

प्रिय डॉक्टर,

गुरुवारी रात्री तुझा फोन आला तेव्हा मी ठाण्याहून पनवेल लोकलने घरी येत होतो. ऐरोलीनंतर आवाज तुटत होता, पण तुझा पेशंट मला कळला. वय एकेचाळीस, रबाळ्याला कंपनीत कामाला. इंद्रियाची पुढची कातडी मागे जात नाही, आतून वास येणारं पाणी येतं. मलमाच्या दोन ट्यूब झाल्या, थोडं बरं वाटतं आणि परत सुरू होतं. तू विचारलंस, "सर, आता कुठली ट्यूब देऊ?" गाडीत माणसं होती म्हणून "नंतर लिहितो" म्हणालो. घणसोलीत तू दवाखाना उघडल्यापासून तुला लिहायचं होतंच, ते आता या पेशंटच्या निमित्ताने लिहितोय.

उत्तराआधी माझी चूक सांगतो. तू माझ्याकडे शिकायला यायचास त्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतला एक पेशंट होता, बावन्न वर्षांचा, मूळचा साताऱ्याकडचा, मार्केटात गोणी उचलायचा. तोंडात कायम तंबाखू. गणपतीच्या आधी आला आणि खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाला, "उष्णता झालीय डॉक्टर." आपल्याकडे कमरेखालच्या सगळ्या तक्रारींना उष्णता हा एकच शब्द आहे, तुला माहीतच आहे. घरी सब्जा चालू होता. मी विचारलं, खाज? थोडी. पू? थोडा. बाहेर वीस माणसं बसलेली आणि तोही पँट सोडायला लाजत होता. मलाही ते सोयीचं वाटलं. बुरशीची ट्यूब लिहून दिली.

दिवाळीच्या सुमाराला परत आला. उपाशीपोटी साखर तपासली, ती जवळपास ठीक निघाली. अँटिबायोटिक आणि दुसरी ट्यूब दिली, या खेपेला स्टेरॉइड मिसळलेली. त्या ट्यूबने आठ दिवसांत लाली उतरली, वास कमी झाला. तो खूश आणि मीही. स्टेरॉइडमुळे वरची सूज निवते आणि खाली जे आहे ते तसंच वाढत राहतं, हे पुस्तकात वाचलेलं मला तेव्हा आठवलं नाही.

जानेवारीत तो बायकोला घेऊन आला. तिने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली चड्डी काढून टेबलावर ठेवली. रक्ताचे सुकलेले डाग होते आणि खोलीभर वास पसरला. तेव्हा कुठे मी त्याला टेबलावर झोपवलं. कातडीचं तोंड टाचणीच्या डोक्याएवढं, त्यातून पिवळट पाणी. मागे सारायचा प्रश्नच नव्हता. पण कातडीवरूनच टोक दोन बोटांत धरलं, तर उजव्या बाजूला चिंचोक्यासारखं कडक काहीतरी हाताला लागलं. उजव्या जांघेत बोराएवढं अवधाण. दुखतंय का विचारलं तर म्हणाला, "अजिबात नाही हो, दुखलं असतं तर आधी आलो नसतो का?"

सर्जनने कातडीला वरून चीर दिली तेव्हा आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी तीन सेंटीमीटरची गाठ होती. तुकडा तपासला, स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. पुरुषाच्या इंद्रियाचे जवळजवळ सगळे कॅन्सर याच जातीचे असतात. टोकाकडचा भाग काढावा लागला. उभं राहून लघवी करता येईल एवढं उरलं. जांघेतल्या गाठीतही कॅन्सर निघाला, म्हणून दोन्ही जांघांची मोठी ऑपरेशनं झाली. तो वाचला. पण उजवा पाय कायमचा सुजला आणि गोणी उचलणं सुटलं. ऑगस्टमध्ये ते नुसत्या कातडीपुरतं होतं का? मला सांगता येत नाही, कारण मी पाहिलंच नव्हतं.

आता तुझा पेशंट. त्याला कॅन्सर आहे असं मी म्हणत नाही. हा आजार दुर्मिळ आहे, आणि एकेचाळिसाव्या वर्षी तर आणखी. बहुतेक रुग्ण पन्नाशीपुढचे असतात. तुझ्याकडे अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांना बुरशीच असेल. त्यातले कितीतरी मधुमेही. हल्ली शुगरला डापाग्लिफ्लोझिन सर्रास दिली जाते, ती साखर लघवीतून बाहेर टाकते आणि त्या गोड लघवीवर कातडीखाली बुरशी मजेत वाढते. म्हणून पहिली ट्यूब देण्यात गैर काही नाही, फक्त पाहून दे. आणि दोन आठवड्यांनी बोलावून पुन्हा पाहा. फोनवर "बरं आहे" ऐकून सोडून देऊ नकोस.

बुरशी एक-दोन आठवड्यांत हटते. नागिणीच्या चुलतभावाचे, म्हणजे हर्पीसचे फोड दुखतात, घोळक्याने येतात आणि दोन-तीन आठवड्यांत सुकतात. गरमीचा, म्हणजे सिफिलिसचा चट्टा दुखत नाही, हाताला कडक लागतो, त्यामुळे तो फसवतो. पण तोही औषध न घेता तीन ते सहा आठवड्यांत भरून येतो. म्हणून सिफिलिससाठी व्हीडीआरएल आणि सोबत एचआयव्ही, दोन्ही तपासण्या करून घे. मात्र व्हीडीआरएल पॉझिटिव्ह आली म्हणून निर्धास्त होऊ नकोस, एकाच माणसाला सिफिलिस आणि कॅन्सर दोन्ही असू शकतं. तीन आठवडे नीट उपचार करूनही जखम भरली नाही, कडक चकती तशीच राहिली, टोकावरचा मखमलीसारखा लाल डाग गेला नाही, किंवा वास आणि रक्त परत आलं, तर ट्यूबचा विषय संपला. तुकडा तपासायला पाठवायचा.

तुझ्या पेशंटच्या बाबतीत मला खुपतंय ते एवढंच, की त्याची कातडी मागे जात नाही आणि त्यामुळे आत काय आहे ते तुलाही दिसलेलं नाही आणि त्यालाही. या आजारात कातडी न उघडणं दोन बाजूंनी घात करतं. आत मळ आणि सूज वर्षानुवर्षं राहते, त्यातून कॅन्सरचा धोका वाढतो. आणि झालाच तर तो झाकलेला राहतो. त्यात तंबाखू किंवा एचपीव्ही विषाणूची भर पडली की धोका आणखी वाढतो. लहानपणापासूनच कातडी मागे जात नव्हती का, की पूर्वी जायची आणि आता अडायला लागली, हे त्याला नक्की विचार. मोठ्या वयात नव्याने घट्ट झालेली कातडी कारणाशिवाय होत नाही. कधी साखर, कधी पांढरी पडून आकसणारी कातडी, म्हणजे लायकेन स्क्लेरोसस, आणि कधी खालची गाठ.

दार लावून घे, दिवा जवळ ओढ, हातमोजे घाल. कातडी हलक्या हाताने जेवढी जाते तेवढीच मागे घे, जोर लावू नकोस. पूर्ण गेली तर टोकाच्या मागची खाच चहूबाजूंनी पाहा, बऱ्याच जखमा तिथे दडून बसतात. आणि कातडी आठवणीने पुढे आणून ठेव. मागेच राहिली तर टोक सुजून पेशंट रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत पोचेल. मागे गेलीच नाही तर वरूनच अंगठा आणि बोटाच्या चिमटीत टोक चाचप. निरोगी टोक कानाच्या पाळीसारखं मऊ लागतं. त्यात नाकाच्या शेंड्यासारखं कडक काही लागलं तर तपासणी तिथेच संपव आणि चिठ्ठी लिही. मग दोन्ही जांघा, घडीच्या थोडं खालपर्यंत. यात पाच मिनिटं जातात.

चिठ्ठी युरोसर्जनच्या नावे. "फायमोसिस, सुंता करावी" एवढंच लिहू नकोस. "कातडीखालची जखम किंवा गाठ वगळायची आहे, काढलेली कातडी पॅथॉलॉजीला पाठवावी" असं लिही. काढलेली कातडी बादलीत गेली आणि वर्षभराने जांघेत गाठ आली, असंही घडतं. तुकडाही जखमेच्या कडेवरून आणि पुरेसा खोल हवा. वरवरच्या टवक्यात फक्त सूज दिसते. रिपोर्टमध्ये "कॅन्सर आढळला नाही" आणि जखम मात्र जागच्या जागी, असं झालं तर जखमेवर विश्वास ठेव आणि पुन्हा तुकडा मागव.

"आणखी दोन महिने वाट पाहिली तर काय होईल?" असं तो विचारेल. हा कॅन्सर आधी जांघेतल्या गाठींत उतरतो, मग ओटीपोटात. जांघ कोरी असताना पकडला तर पाच वर्षांनी दहांतले साधारण नऊ जण हयात असतात. ओटीपोटातल्या गाठींपर्यंत गेल्यावर फार थोडे. शिवाय सुरुवातीला कातडीपुरता असेल तर सुंतेवर भागू शकतं. टोकावर वरवर असेल तर मलम, लेझर किंवा तेवढाच भाग काढणं पुरतं. पूर्वी गाठीभोवतीचा दोन सेंटीमीटर चांगला भाग काढत, आता काही मिलिमीटर चालतात. वाट पाहिली तर हा फायदा हातचा जातो.

अवधाण लागलंच तर एक जुनी सवय सोड. आम्हाला शिकवलं होतं, सहा आठवडे अँटिबायोटिक दे, संसर्गाचं असेल तर उतरेल. खरंच, अशा रुग्णांच्या हाताला लागणाऱ्या गाठींपैकी जवळपास निम्म्या नुसत्या संसर्गाच्या निघतात. पण उरलेल्या निम्म्यांचे ते सहा आठवडे जातात. आता सोनोग्राफीखाली सुई घालून लगेच तपासतात. जांघ कोरी लागली तरी चार-पाचांतल्या एकात सूक्ष्म कॅन्सर तिथे पोचलेला असतो, म्हणून पुढचा निर्णय या आजाराची सवय असलेल्यांनीच घ्यावा. आपल्याला खारघरचं टाटाचं केंद्र जवळ आहे. पैशांचं नाव काढलं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं सांग, रेशनकार्ड आणि आधार घेऊन जायला सांग.

त्याच्याशी बोलताना "गुप्तरोग" हा शब्द तोंडातून काढू नकोस. तो ऐकला की बायकोपासून लपवायला लागतात आणि मग स्टेशनबाहेरच्या भिंतीवर ज्यांची जाहिरात रंगवलेली असते त्यांच्याकडे जातात. "आत काय आहे ते दिसत नाही, म्हणून दाखवायचंय," एवढं पुरेसं आहे. ते खरंही आहे.

शनिवारी तो अर्धी पाळी करून येणार म्हणालास. त्याला शेवटचा नंबर दे, बाहेर कुणी नसताना आत घे. कडक लागलं तर मला तिथूनच फोन कर, कितीही वाजले असले तरी.

तुझा,
सर